हात माझाच दिसला पाहिजे

लग्नाच्या अल्बमचं काम करणाऱ्याला मिळणाऱ्या सूचना साधारण ठरलेल्या असतात. रंग उजळ करा, पोट आत घ्या, मागच्या माणसाला काढा. हिंगोलीत गेल्या काही वर्षांत त्यात एक नवी भर पडली आहे. प्री-वेडिंगच्या फोटोंत स्लीव्हलेस कुर्ते आणि गाऊन आले आणि त्यांच्याबरोबर हातावरचे केस पडद्यावर आले. अर्ध्या बाहीच्या ब्लाउजमध्ये जो हात कोपरापासून खाली दिसायचा, तो आता खांद्यापासून दिसतो आणि संध्याकाळच्या उन्हात त्याच्यावरचा एकेक केस मोजता येतो.

कळमनुरीकडच्या एका मुलीने फोटो निवडताना मला हळूच सांगितलं, "ताई, हातावरचे केस तेवढे कमी करा. पण हात माझाच दिसला पाहिजे. माझ्या मैत्रिणीचा केला तसा बाहुलीचा नको." मैत्रिणीचा अल्बम दुसऱ्या गावात झाला होता. तो तिने मोबाइलवर दाखवला. हात गुळगुळीत होता, कोपराची सुरकुतीसुद्धा गायब होती, आणि चेहऱ्यावर मात्र त्वचा जशीच्या तशी होती. एकाच माणसाच्या अंगावर दोन वेगळ्या वस्तू जोडल्यासारख्या वाटत होत्या.

या मुलीचा फोटो वसमत तालुक्यातल्या हळदीच्या शेतात काढलेला होता. नोव्हेंबरचे दिवस होते. त्या वेळी हळदीची पानं कमरेच्या वर आलेली असतात, रुंद आणि गर्द हिरवी. मुलगी पिवळ्या स्लीव्हलेस कुर्त्यात पानांच्या मधोमध उभी, सूर्य तिच्या डाव्या खांद्यामागे खाली उतरलेला. छायाचित्रकाराने जागा अचूक निवडली होती आणि नेमक्या त्या जागेमुळेच केस दिसत होते.

हे कसं घडतं, ते आधी सांगते. माणसाच्या हातावरचा केस फार बारीक असतो. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात कमरेपर्यंतचा माणूस टिपला, तर त्याच्या हातावरच्या एका मिलिमीटरला दहाहूनही कमी पिक्सेल येतात आणि केसाची जाडी एका पिक्सेलहूनही कमी भरते. म्हणजे खरं तर तो दिसायलाच नको. दिसतो तो प्रकाशामुळे. ऊन समोरून आलं की केस आणि त्याची सावली एकमेकांवर पडतात आणि दोन्ही विरतात. ऊन आडवं आलं की केसाची सावली त्याच्या बाजूला पडते, आणि एका केसाच्या दोन रेषा होतात. ऊन मागून आलं की हाताच्या कडेवरचे केस स्वतःच पेटल्यासारखे चमकतात. या फोटोत आडवं आणि मागचं अशा दोन्ही तऱ्हा होत्या. हाताच्या मधल्या भागावर केस काळे दिसत होते आणि कडेवर तेच केस सोनेरी, मागच्या काळपट हिरव्या पानांवर उठून दिसणारे.

काळा केस आणि चमकता केस यांचा इलाज एकमेकांच्या उलट आहे, हे मला फोटोशॉपमुळे कळलं नाही. ज्यांच्या स्टुडिओत मी काम शिकले, त्या काकांनी ते शिकवलं. त्यांनी ब्लॅक अँड व्हाइटच्या काळात निगेटिव्हवर पेन्सिल चालवली होती. त्या पेन्सिलीचं टोक सँडपेपरवर घासून सुईसारखं लांब करायचे. निगेटिव्हवर आधी एक पातळ चिकट द्रव पुसायचे, म्हणजे गुळगुळीत फिल्मवर शिसं धरतं. मग तिरक्या पेटीवर निगेटिव्ह ठेवून, खालून आरशाने उजेड आणून, स्वल्पविरामासारखे बारीक फटकारे मारायचे. कागदावर काळी दिसणारी रेघ निगेटिव्हवर पारदर्शक असते. तिथे शिसं भरलं की प्रिंटमध्ये ती जागा उजळते. चमकता केस निगेटिव्हवर उलट दाट काळा असतो. तिथे पेन्सिल चालत नाही. एकतर पात्याने हलकेच खरवडायचं किंवा प्रिंट निघाल्यावर बारीक ब्रशने शाईचा ठिपका द्यायचा. 120 च्या फिल्मपर्यंत हे जमायचं. 35 मिलिमीटरची रंगीत फिल्म आली तेव्हा निगेटिव्ह इतकं लहान झालं की पेन्सिल टेकवायलाच जागा उरली नाही, आणि काकांचं ते कौशल्य त्यांच्या हातातच राहिलं.

संगणकावर मी आजही काकांचीच वाटणी वापरते. आधी कडा, मग आतला भाग, शेवटी रंग.

कडेचं काम क्लोन स्टॅम्पने होतं. ब्रशचा मोड `Darken` ठेवायचा. शेजारच्या पानाचा भाग उचलून केसावर फिरवला की फक्त पानापेक्षा उजळ असलेले पिक्सेल बदलतात, म्हणजे चमकता केस जातो आणि पानाचा गडद भाग तसाच राहतो. आधी हाताच्या कडेने एक सिलेक्शन करून घ्यावं लागतं, नाहीतर पानाचा हिरवा हातावर चढतो. सिलेक्शनची कड एक-दीड पिक्सेल मऊ ठेवायची.

इथे सगळ्यात जास्त फोटो बिघडतात. मागून ऊन पडलं की हाताच्या कडेला जी उजेडाची मऊ रेघ दिसते, तिच्यात त्वचेइतकाच केसांचाही वाटा असतो. बारीक लव उजेड पकडते, म्हणून तर ती रेघ मऊ असते. सगळे केस मुळापासून काढले की ती रेघ जाते आणि हात कात्रीने कापून पानांवर चिकटवल्यासारखा होतो. मग बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण फोटो खोटा आहे हे त्याला कळतं. म्हणून मी कडेवरचे केस काढत नाही, आखूड करते. जे लांब केस कडेपासून दूर आलेले आहेत, एकमेकांना छेद देतात, तेवढे जातात. त्वचेला चिकटून दोन-तीन पिक्सेलची लव राहू देते. या मुलीच्या डाव्या दंडावर ती लव राहिली, म्हणून तर मावळतीचं ऊन तिच्या खांद्यावरून कोपरापर्यंत वाहिल्यासारखं दिसतं.

आतल्या भागाचं काम वेळखाऊ आहे. इथे लोक फिल्टर लावायला धावतात. `Dust & Scratches` नावाचा फिल्टर लावला की केस क्षणात जातात, हे खरं आहे. पण त्याच्याबरोबर त्वचेची रंध्रं आणि हातावरच्या आडव्याउभ्या बारीक रेघाही जातात, कारण त्यांचा आकार केसाच्या जाडीएवढाच असतो. फिल्टरला जाडी कळते, लांबी कळत नाही. रंध्र म्हणजे आखूड ठिपका, त्वचेची रेघ म्हणजे तुटक जाळी, आणि केस म्हणजे एकाच दिशेने गेलेली सलग रेषा. हा फरक डोळा करतो, म्हणून हे काम हातानेच करावं लागतं. मैत्रिणीच्या हाताची बाहुली झाली ती याच कारणाने.

मी फोटोच्या दोन प्रती करते. खालच्या प्रतीला `Gaussian Blur` देते, इतपत की केस विरघळावेत पण हाताचा गोलवा आणि ऊन-सावली तशीच राहावी. या फोटोला सहा पिक्सेल पुरले. वरच्या प्रतीत मग फक्त बारकावे उरवायचे. ते `Apply Image` मधून होतं. तिथे खालची प्रत निवडून 8 बिटच्या फाइलला हे आकडे द्यायचे:

```
Blending: Subtract
Scale: 2
Offset: 128
```

वरची प्रत राखाडी होते, तिच्यावर केस आणि रंध्रं नक्षीसारखी दिसतात. तिचा मोड `Linear Light` केला की फोटो पुन्हा मूळ दिसतो. पण आता ऊन एका थरात आहे आणि त्वचेचा पोत दुसऱ्या थरात. वरच्या थरात केस काढताना खालच्या उन्हाला हात लागत नाही.

वरच्या थरावर मी हीलिंग ब्रश घेते, आणि शेतात पेरणीनंतर विरळणी करतात तसं काम करते. दाट जागी आधी लांब रोप उपटायचं, मग एकमेकांवर आलेली, बाकीची राहू द्यायची. सगळ्याच केसांचा थर अर्धा पुसट केला तर काय, असा प्रश्न नवी मुलं विचारतात. तसं केलं तर प्रत्येक केसाचं भूत मागे राहतं आणि हातावर धूळ बसल्यासारखी दिसते. त्यापेक्षा दहातले सहा केस पूर्ण काढून चार पूर्ण ठेवलेले बरे. डोळ्याला विरळ लव नैसर्गिक वाटते, पुसट लव वाटत नाही.

केसाच्या जागी कुठली त्वचा आणायची, हा खरा प्रश्न आहे. दंडाच्या आतल्या बाजूला केस नसतात, म्हणून तिथून उचलण्याचा मोह होतो. पण तिथली त्वचा नितळ असते, ऊन न लागलेली. मनगटाच्या वरच्या बाजूवर ती ठिगळासारखी दिसते. आणखी एक घोटाळा दुसऱ्या हातावरून त्वचा उचलताना होतो. रंध्राला एका बाजूने ऊन लागतं आणि दुसऱ्या बाजूला त्याची सावली असते. डावीकडून ऊन पडलेली त्वचा उलटी करून लावली, तर सावली उन्हाच्या बाजूला येते आणि खड्डे फुगीर दिसायला लागतात. मोठं करून पाहिलं तर हे लक्षात येत नाही, अल्बमच्या पानावर मात्र तो भाग विचित्र उठून दिसतो. म्हणून त्याच हातावरची, त्याच बाजूची, दोन-तीन बोटांवरची जागा शोधायची. केस फार दाट असतील तर अशी मोकळी जागा सापडतच नाही. तेव्हा मी ग्राहकाला स्पष्ट सांगते की कमी होतील, जाणार नाहीत.

या मुलीच्या दंडावर बीसीजीच्या लसीचा व्रण होता, कोपराजवळ एक तीळ. या दोन्ही गोष्टी मी काम सुरू करण्याआधी वेगळ्या लेयरवर गोल करून ठेवते, म्हणजे ब्रश चुकून तिकडे जात नाही. स्लीव्हलेसमध्ये तो व्रण दिसतो म्हणून काही घरांतून तो काढायची मागणी येते. मी मुलीला विचारते, तिच्या आईला नाही. हिने "राहू द्या, तो सगळ्यांनाच असतो" म्हटलं.

केस काढून झाल्यावर नवीनच अडचण उभी राहते. केस गेले तरी त्यांचा काळपटपणा खालच्या थरात उरतो, कारण दाट केसांनी त्या भागावर एक मंद सावली पाडलेली असते आणि ब्लर करताना ती खाली उतरते. हात मग डागाळल्यासारखा, थोडा निळसर राखाडी दिसतो. त्यावर त्वचेच्या रंगाचा ब्रश फिरवणारे हमखास फसतात. या फोटोत का, ते बघा. तिचा उजवा हात सावलीत होता आणि तिच्या कमरेच्या वरपर्यंत हळदीची हिरवी पानं होती. पानांवर पडलेलं ऊन परतून हाताच्या खालच्या बाजूला लागत होतं, म्हणजे तिथली त्वचा खरोखरच किंचित हिरवट होती. तो हिरवटपणा म्हणजेच ते शेत. त्याच्यावर गव्हाळ रंग फिरवला असता तर हात स्टुडिओत काढलेला आणि शेत मागे लावलेलं वाटलं असतं. मी रंगाला हात लावला नाही. `Curves` च्या लेयरने फक्त उजेड थोडा वाढवला, मास्कवर ब्रशचा फ्लो दोन टक्के ठेवून, जिथे काळपटपणा होता तेवढ्याच जागी. थोडं केलं, की लांब जाऊन चेहऱ्याकडे बघायचं. हात चेहऱ्यापेक्षा उजळ होऊ लागला की थांबायचं.

उन्हाची आणखी एक खूण स्लीव्हलेसमध्ये उघडी पडते. आपल्याकडच्या उन्हात रोज अर्ध्या बाहीत गाडी चालवणाऱ्या मुलींच्या दंडावर बाहीची रेघ उमटलेली असते, वर गोरा आणि खाली रापलेला हात. ती रेघ मी निम्मी मऊ करते. पूर्ण पुसली तर दंडाचा आणि पंजाचा रंग जुळेनासा होतो.

तपासणी करताना मी 100 टक्के झूमवर विश्वास ठेवत नाही. तिथे केस दिसणारच, आणि माणूस काढत सुटतो. आमच्याकडे 12 बाय 36 इंचांचं उघडं पान चालतं. तो फोटो त्या पानावर जेवढा येणार, तेवढा पडद्यावर करून हाताच्या अंतरावरून बघते. त्या अंतरावर जो केस दिसत नाही, त्याला हात लावायचं कारण नाही. मग काही क्षणांसाठी फोटो कृष्णधवल करून त्यावर तीव्र कर्व्ह चढवते. डोळ्याला न दिसलेले गुळगुळीत डाग तेव्हा धुक्याच्या ठिपक्यांसारखे उघडे पडतात. संध्याकाळच्या फोटोत आयएसओ वाढवलेला असतो, म्हणून सगळीकडे बारीक कण असतात. जिथे ते कण नाहीत, तिथे रिटच करणाऱ्याचा हात फिरला आहे हे ओळखावं. तेवढ्याच भागावर थोडा नॉइज परत घालावा लागतो.

यातलं निम्मं काम शेतातच वाचू शकतं, हे मी छायाचित्रकार मंडळींना वारंवार सांगते. पुढच्या हातावरचे केस साधारण करंगळीच्या बाजूला झुकलेले असतात. मनगट थोडं वळवून केसांच्या दिशेने ऊन येऊ दिलं, तर सावल्या आखूड होतात. सावलीच्या बाजूला कुणी पांढरं धोतर किंवा चादर धरून उभं राहिलं, तर केसांच्या सावल्या भरून निघतात. खोबरेल तेल लावून केस बसवायचा उपाय मात्र मला पटत नाही. केस चपटे होतात पण हात घामेजल्यासारखा चमकतो, आणि ती चमक काढणं केस काढण्याहून अवघड आहे. फोटोच्या दिवशी सकाळी वॅक्सिंग करून येणाऱ्या मुलींचंही तसंच. केसाच्या प्रत्येक मुळाशी लाल पुटकुळी आलेली असते. केसाला दिशा असते, पुटकुळ्यांना नसते, आणि त्यांच्या रंगामुळे त्या दोन्ही थरांत पसरतात. दोन दिवस आधी करून यावं.

हे सगळं काम आमच्या दुकानात आतल्या खोलीतल्या पडद्यावर होतं, काउंटरवरच्या नाही. बाईचा फोटो कुणी काढायचा आणि कुणी बघायचा, हा प्रश्न या भागाला जुना आहे. हिंगोली निजामाच्या राज्यात होती, इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्याच राज्यात निजामाचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादेत स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एका बाईंना नेमलं. आजच्या बऱ्याच मुली परदा पाळत नाहीत, पण हातावरचे केस मोठे करून पडद्यावर ठेवलेले असताना कुणी अनोळखी माणूस खांद्यावरून डोकावावा, असं त्यांनाही वाटत नाही. म्हणून मूळ फाइल मी कुणालाच पाठवत नाही. मुलीला दोन प्रती दाखवते, मूळ आणि कमी केलेली, शेजारी शेजारी.

कळमनुरीच्या मुलीने दोन्ही बघितल्या. तिच्याबरोबर होणाऱ्या सासरकडची एक काकू आली होती. ती म्हणाली, "अजून थोडे काढा की, दिसायलेत अजून." मुलीने पडद्यावरच्या मनगटाकडे बोट दाखवलं. तिथे बांगड्यांच्या वर मी लव तशीच ठेवली होती, कारण बांगडीची सावली त्या लवेवर पडून मऊ झाली होती आणि लव काढल्यावर ती सावली रंगवलेल्या पट्टीसारखी दिसत होती. "काकू, इतके तर असतातच," ती म्हणाली. मी फाइल जतन केली.

जानेवारीत तिच्या हळदीचे फोटो आले. सकाळच्या उन्हात घराच्या अंगणात काढलेले, ब्लाउज स्लीव्हलेसच. हळद ओली असताना त्वचेवर सपाट बसते, पण वाळायला लागली की केसांना धरून गुठळ्या होतात आणि प्रत्येक केस पिवळा, जाड, उठून दिसतो. या वेळी फोटोंसोबतच्या चिठ्ठीत केसांबद्दल एक शब्द नव्हता. आम्हीही त्या फोटोंत हाताला स्पर्श केला नाही. पिवळा रंग जिथे जळून सपाट झाला होता, तिथे तो एक पायरी खाली आणला, म्हणजे हळदीचे कण परत दिसू लागले, आणि मागच्या भिंतीवरची पाण्याची टाकी तेवढी काढली.